खरेदीचा भाव आणि आजचा भाव

बँकेतून निवृत्त होण्यापूर्वीची तीन वर्षे मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. कॅश क्रेडिटवर कर्ज घेतलेल्या दुकानांचा साठा प्रत्यक्ष जाऊन पाहणे हा तेथील कामाचा भाग होता. अशाच एका तपासणीच्या वेळी बाजारपेठेतील एका जुन्या कापड दुकानाच्या माडीवर गेलो. खाली दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, माडीवर मात्र शांतता. दोन भिंतींना लागून असलेल्या मांडण्यांत साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून रचून ठेवल्या होत्या आणि पिशव्यांवर धुळीचा थर बसला होता. मी एक पिशवी उचलली, तर तळहात काळा झाला.

दुकानाचे मालक सत्तरीच्या घरातले. सारे गाव त्यांना आप्पा म्हणे, मीही म्हणत असे. मी विचारले, "आप्पा, हा माल केव्हाचा?"

"दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईतला, साहेब. सहाशे नग उचलले होते, बाराशे रुपयांनी. त्या वर्षी हीच तऱ्हा चालत होती. नंतर फॅशन फिरली. साडेतीनशे नग राहिलेत."

त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "परवाच आठवडी बाजाराला माल पुरवणारा एक व्यापारी येऊन गेला, साहेब. सगळा माल एकगठ्ठा साडेपाचशे रुपयांनी मागत होता, रोखीने. आप्पांनी त्याला परत पाठवला."

आप्पांचा आवाज चढला. "बाराशेचा माल साडेपाचशेला द्यायचा? नगामागे साडेसहाशे रुपये बुडतात. सव्वादोन लाखांवर पाणी सोडायचे? निदान मुद्दल तरी निघाले पाहिजे. हजाराच्या खाली मी हात लावू देणार नाही."

वाचकहो, 'मुद्दल निघाले पाहिजे' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने पेढीवर बसून कधी ना कधी उच्चारले असेल. त्यात व्यापाऱ्याची सचोटी आहे, काटकसर आहे, कष्टाच्या पैशाविषयीची कळकळ आहे. पण हिशेबाच्या दृष्टीने त्या वाक्यात एक चूक दडलेली आहे. आजच्या लेखात तेवढ्या एका चुकीविषयीच लिहायचे आहे.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत तिला 'संक कॉस्ट'ची चूक म्हणतात. आपण त्याला बुडीत खर्च म्हणू. जो पैसा खर्च होऊन गेला आणि आज आपण कोणताही निर्णय घेतला तरी जो परत येणार नाही, तो बुडीत खर्च. आप्पांनी नगामागे दिलेले बाराशे रुपये दोन वर्षांपूर्वीच पुरवठादाराकडे पोहोचले होते. आज माल विकला तरी ते गेलेले आहेत आणि न विकला तरी गेलेले आहेत. दोन्ही वाटांवर जी रक्कम सारखीच आहे, ती वाट निवडायला उपयोगी पडत नाही. निवड करताना फक्त पुढे येणारा पैसा आणि पुढे जाणारा पैसा मोजायचा. खरेदीचा भाव वहीत असावा, नफातोटा काढण्यासाठी तो लागतोच. पण 'आता काय करू?' या प्रश्नाच्या उत्तरात त्याला जागा नाही.

तत्त्व ऐकायला सोपे वाटते. खरी कसोटी आकडे मांडताना लागते. त्या दिवशी आप्पांच्या मुलाला घेऊन मी साठापत्रकाच्या कोऱ्या पाठीवर हा हिशेब मांडला. तो येथे सावकाश सांगतो.

पहिली वाट म्हणजे आजच विकणे. साडेतीनशे नग, प्रत्येकी ५५० रुपये, म्हणजे १,९२,५०० रुपये रोख.

दुसरी वाट म्हणजे माल ठेवून किरकोळीने विकणे. त्यातून काय येईल, याचा अंदाज आशेवर बांधायचा नाही, बिलबुकावरून बांधायचा. मुलाने मागच्या वर्षाची बिले काढली. वर्षभरात या तऱ्हेचे ७० नग गेले होते, तेही भाव ९०० पर्यंत उतरवून. फॅशन दरवर्षी अधिक जुनी होत जाणार, म्हणून पुढचा अंदाज आम्ही उतरता धरला. येत्या वर्षी ८०० रुपयांनी ६० नग, म्हणजे ४८,००० रुपये. दुसऱ्या वर्षी ७०० रुपयांनी ५० नग, म्हणजे ३५,०००. तिसऱ्या वर्षी ६०० रुपयांनी ४० नग, म्हणजे २४,०००. मग उरलेले २०० नग कोणाला तरी ठोक ३०० रुपयांनी देऊन टाकायचे, त्याचे ६०,०००. सगळी बेरीज १,६७,००० रुपये.

म्हणजे तीन वर्षे वाट पाहून १,६७,००० आणि आज देऊन टाकले तर १,९२,५००. व्याज धरण्याच्या आधीच आजची विक्री सरस ठरली. मुलगा चकित झाला. किरकोळ विक्रीचा भाव नगामागे जास्त दिसतो, म्हणून तीच वाट फायद्याची वाटते. पण त्या भावाने फक्त थोडे नग जातात आणि मोठा भाग शेवटी मातीमोल होतो, हे बेरीज केल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही.

आता व्याज. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यावर ११ टक्के व्याज होते. येथे पुष्कळ अनुभवी व्यापारीसुद्धा चुकतात. ते माल पडून राहिल्याचे व्याज खरेदी किमतीवर, म्हणजे ४,२०,००० रुपयांवर काढतात. ते बरोबर नाही. आज माल विकला तर हातात ४,२०,००० येणार नाहीत, १,९२,५०० येतील. तेवढेच कर्ज फिटेल आणि तेवढ्यावरचेच व्याज वाचेल. पहिल्या वर्षी ते २१,१७५ रुपये होते. माल अडवून ठेवण्याचा खर्च आजच्या मिळकतीवर मोजावा, जुन्या किमतीवर नव्हे.

हे व्याज तीन वर्षांचे, वर्षाला एकदा चढते धरून काढू. आज खात्यात भरलेले १,९२,५०० रुपये तीन वर्षांच्या अखेरीस सुमारे २,६३,००० रुपयांच्या बरोबरीचे होतात. दुसऱ्या वाटेवर प्रत्येक वर्षीचा पैसा त्या वर्षाच्या अखेरीस खात्यात भरला असे धरले, तर तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे १,८२,००० होतात. फरक सुमारे ८१,००० रुपयांचा. ज्याच्यावर कर्ज नाही, त्याने येथे कर्जाच्या व्याजाऐवजी तो पैसा दुसरीकडे जे उत्पन्न देऊ शकला असता, ते धरावे. माडीवरच्या मांडण्या मोकळ्या झाल्या असत्या, तेथे चालता माल ठेवता आला असता, तो लाभ आम्ही धरलाच नव्हता.

या सगळ्या मांडणीत बाराशे हा आकडा कोठे आला का? पुन्हा एकदा वाचून पाहावे. तो कोठेही आलेला नाही. साड्या बाराशेऐवजी चारशे रुपयांनी घेतल्या असत्या, तरी उत्तर हेच आले असते. फरक एवढाच, की त्या वेळी आप्पांनी 'दीडशे रुपये सुटले' म्हणून आनंदाने होकार दिला असता.

मात्र यावरून 'पडून असलेला माल मिळेल त्या भावाने फुंकून टाकावा' असा अर्थ कोणी काढू नये. समजा, त्या व्यापाऱ्याने ५५० ऐवजी ३०० रुपयेच देऊ केले असते. मग आजचे १,०५,००० रुपये तीन वर्षांत सुमारे १,४३,६०० झाले असते आणि माल ठेवण्याची वाट सुमारे ३८,००० रुपयांनी सरस ठरली असती. तेव्हा नकार देणे हेच शहाणपण ठरले असते. आम्ही उलट गणित करून दोन्ही वाटा जेथे सारख्या होतात तो भाव काढला. तो नगाला सुमारे ३८० रुपये निघाला. आप्पांच्या मालाचा खरा तळचा भाव हा होता. ३८० च्या वर कोणी मागितले तर द्यावे, खाली मागितले तर थांबावे. हजार ही रक्कम आप्पांच्या मनातून आली होती, ३८० ही बाजारातून आणि बिलबुकातून आली होती.

दोन गोष्टी करांविषयीही सांगतो, कारण त्याही पुढच्या पैशाच्या गोष्टी आहेत. तोट्यात विकलेल्या मालाचा तोटा धंद्याच्या त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, म्हणून विक्री लवकर झाली तर प्राप्तिकरातील सवलतही लवकर पदरात पडते. अर्थात वर्षाअखेरच्या साठ्याचे मूल्य जर आधीच उतरवून दाखवले असेल, तर तेवढा तोटा पूर्वीच धरला गेलेला असतो. दुसरे असे, की खरेदीवर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट माल कमी भावाने विकला म्हणून परत करावे लागत नाही. माल नष्ट केला, पुस्तकातून काढून टाकला किंवा भेट म्हणून वाटला, तर मात्र ते परत करावे लागते. म्हणून 'तोट्यात विकण्यापेक्षा वाटून टाकू' असे रागाने म्हणण्यापूर्वी आपल्या सीएंशी बोलून घ्यावे.

आता थोडे बँकेच्या बाजूने. आप्पा दर महिन्याला जे साठापत्रक देत, त्यात या साड्या ४,२०,००० रुपयांच्या म्हणून दाखवत. २५ टक्के दुरावा, म्हणजे मार्जिन, वजा जाता त्यावर ३,१५,००० रुपयांची ड्रॉइंग पॉवर मिळत होती. जो माल बाजारात दोन लाखांनाही जात नव्हता, त्यावर सव्वातीन लाखांच्या आसपास उचल चालू होती. साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि निव्वळ वसुली मूल्य यांपैकी जे कमी असेल त्याने धरावे, हा हिशेबशास्त्राचा नियम याचसाठी आहे. हा नियम पाळला, तर व्यापाऱ्याला निदान वर्षातून एकदा मालाची आजची किंमत स्वतःच्या हाताने लिहावी लागते. आप्पांनी ती लिहिली नव्हती आणि सत्य सांगायचे तर आधीच्या दोन तपासण्यांत आमच्या बँकेनेही ती विचारली नव्हती. त्यांपैकी एका तपासणीवर सही माझीच होती. माडीवर न जाता, खाली चहा घेऊन मी ती केली होती. त्या दिवशी मला तो माल ड्रॉइंग पॉवरमधून वगळावा लागला आणि आप्पांना खात्यात पैसे भरण्याची निकड आली. ती निकड एक वर्ष आधी आली असती, तर माल एक वर्षाने नवा असता.

मग इतका साधा हिशेब आयुष्यभर व्यापार केलेल्या माणसाला का दिसू नये? या प्रश्नावर बॅरी स्टॉ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवसाय प्रशासन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याने एका काल्पनिक कंपनीचे पैसे तिच्या दोन विभागांपैकी एकाला द्यायला सांगितले. काहींनी विभाग स्वतः निवडला, काहींना तो आधीच कोणीतरी निवडल्याचे सांगितले. पुढे काहींना आपला विभाग चांगला चालला असे कळवले, काहींना तो तोट्यात गेला असे कळवले. मग आणखी पैसे वाटायला दिले. सर्वांत जास्त पैसा कोणी घातला? ज्यांनी विभाग स्वतः निवडला होता आणि ज्यांचा विभाग तोट्यात गेला होता, त्यांनी. आपली निवड चुकली हे मान्य करण्याऐवजी ती बरोबर ठरावी म्हणून त्यांनी पुन्हा पैसा ओतला. बुडत्याचा पाय खोलात, असे आपण म्हणतो ते हेच.

आप्पांना सव्वादोन लाखांपेक्षा अधिक झोंबत होते ते हे, की सहाशे नगांची ऑर्डर त्यांनी स्वतः, मुलाचा विरोध डावलून दिली होती. माल विकणे म्हणजे मुलासमोर ते कबूल करणे. माडीवर धूळ खात पडलेला माल मात्र कोणालाच काही कबूल करायला लावत नाही.

यावरची एक तोड इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या इतिहासात सापडते. ही कंपनी १९६८ साली स्थापन झाली आणि मेमरी चिप हा तिचा मूळ धंदा. १९८० नंतर जपानी कंपन्यांनी त्या मालात तिला मागे टाकले. तोटा वाढत होता, पण कंपनीची ओळखच त्या मालाशी जोडलेली, तेथे वर्षानुवर्षांची मेहनत आणि पैसा ओतलेला. १९८५ साली कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारले, की संचालकांनी आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, तो मेमरीच्या धंद्यातून बाहेर पडेल. त्यावर ग्रोव्ह यांनी सुचवले, की मग आपणच दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि तेच करू. कंपनीने तो धंदा सोडला आणि मायक्रोप्रोसेसरवर लक्ष दिले. ग्रोव्ह यांनी ही हकीकत पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवली.

हा प्रश्न आपल्या दुकानातही विचारता येतो. 'हे दुकान आज सकाळीच माझ्या ताब्यात आले असते आणि हा माल मला येथे असाच पडलेला सापडला असता, तर मी काय केले असते?' त्याहून सोपा असा: 'आज मी हा माल साडेपाचशे रुपयांनी विकत घेतला असता का?' आप्पांना मी हे विचारले, तेव्हा ते चटकन म्हणाले, "छे, साडेपाचशेला कोण घेईल?" आणि मग स्वतःच थांबले. जो माल आपण साडेपाचशेला घेणार नाही, तो साडेपाचशे मिळत असताना ठेवून घेणे म्हणजे तो त्या भावाने रोज नव्याने विकत घेणेच होय.

तरीही एक सावधगिरी हवी. मागे झालेला सगळाच खर्च बुडीत नसतो. त्यातले काही आज हातात वस्तूच्या रूपाने शिल्लक असते आणि ते पुढचा खर्च कमी करते. समजा, कोणी दुकानाचा गाळा बांधायला घेतला. १८ लाख खर्च झाले, आणखी ६ लाख लागणार आहेत, बांधकामाच्या काळातले व्याजही त्यातच धरले. पूर्ण झाल्यावर गाळ्याचे १४ लाख येतील, अर्धवट विकला तर ५ लाख. एकूण २४ लाख घालून १४ लाखांची वस्तू होणार, म्हणून 'थांबा' असे कोणीही म्हणेल. पण आता ६ लाख घातले तर १४ येतात, म्हणजे निव्वळ ८ हातात राहतात, आणि न घालता विकले तर ५. तेव्हा पूर्ण करणेच योग्य, तोटा होऊनही. तोच अर्धवट गाळा कोणी १० लाखांना मागितला, तर मात्र तसाच द्यावा. दोन्ही उत्तरांत १८ लाखांचा संबंध नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या भिंतींचा मात्र आहे.

तसेच व्यापाऱ्याने दिलेल्या शब्दाचे. सौदा ठरल्यावर भाव फिरला आणि 'गेले ते गेले, आता पुढचे पाहू' म्हणून कोणी शब्द मोडला, तर ते या तत्त्वात बसत नाही. मोडलेल्या शब्दाची किंमत पुढच्या प्रत्येक सौद्यात मोजावी लागते. ती पुढची किंमत आहे, म्हणून ती हिशेबात पूर्ण धरलीच पाहिजे.

हा हिशेब केवळ दुकानापुरता नाही, याची जाणीव मला एका दुपारी शाखेतच झाली. ओळखीचे एक गृहस्थ मुदतठेव मोडायला आले. रक्कम ६ लाखांची, मुदत संपायला चार महिने. मी व्याजाचे नुकसान समजावून सांगू लागलो, तर ते म्हणाले, "साहेब, मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले आहे." आवाजात आनंद नव्हता. मी त्यांना केबिनमध्ये बसवले. हळूहळू कळले ते असे, की मुलाच्या घरच्यांनी मोठे कर्ज लपवले होते, मुलाने स्वतः खोटे सांगितले होते आणि ते उघड झाल्यापासून मुलगी नको म्हणत होती. "पण पत्रिका वाटल्या. मंगल कार्यालयाचे, आचाऱ्याचे पैसे दिले. चार लाख गेले आहेत. आता मागे कसे फिरायचे?"

मी बँकेचा माणूस, कोणाच्या घरात बोलण्याचा मला अधिकार नव्हता. मी फक्त एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणालो, "जे गेले ते डावीकडे लिहा, जे अजून जायचे आहे ते उजवीकडे." ते बराच वेळ लिहीत होते. डावीकडे कार्यालय, आचारी, पत्रिका. दागिने त्यांनी आधी डावीकडे लिहिले, मग खोडले, कारण सोने घरातच होते. उजवीकडे हे सहा लाख आले. लोक काय म्हणतील तेही त्यांनी उजवीकडेच लिहिले आणि ते बरोबरच होते. तो खर्च खरा होता आणि पुढचा होता. मी म्हणालो, "हे किती दिवस?" ते म्हणाले, "वर्षभर बोलतील." मग त्याच बाजूला त्यांनी मुलीचे नाव लिहिले आणि पेन खाली ठेवले. तिच्यापुढे आकडा लिहिता येत नव्हता.

ठेव त्या दिवशी मोडली गेली नाही. चार महिन्यांनी मुदत पुरी झाल्यावर त्यांनी ती पुन्हा ठेवली, मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी म्हणून. डावीकडच्या चार लाखांपैकी त्यांना काही परत मिळाले की नाही, हे मी कधी विचारले नाही.

आता आप्पांची उरलेली गोष्ट. ते त्या दिवशी तयार झाले नाहीत. महिन्याभराने मुलाने व्यापाऱ्याला पुन्हा बोलावले, तेव्हा लग्नसराई सरत आली होती आणि त्याने ५२५ सांगितले. आप्पा म्हणाले, "महिन्यापूर्वी साडेपाचशे देत होता, आता पंचवीस कमी कशाला?" बाराशेची जागा आता साडेपाचशेने घेतली होती. हुकलेला भाव हाही गेलेलाच असतो. मुलाने काही वाद घातला नाही. साठापत्रकाची ती पाठ काढून एवढेच विचारले, "आप्पा, आपला तळचा भाव किती निघाला होता?" आप्पांनी चष्मा लावून ३८० चा आकडा पाहिला आणि माल बांधायला सांगितला.

त्यानंतर त्या दुकानाच्या वार्षिक साठ्याच्या यादीत एक रकाना वाढला. आधी नग, खरेदीचा भाव आणि रक्कम असे तीन रकाने होते. चौथ्याला मुलाने नाव दिले, 'आज मिळेल तो भाव'. तो रकाना ज्याने माल खरेदी केला त्याने भरायचा नाही, घरातल्या दुसऱ्याने भरायचा, असा त्यांनी नियम केला. येत्या मार्चमध्ये आपल्या पेढीवर साठा मोजला जाईल, तेव्हा यादीत हा रकाना आखून पाहावा. त्यात लिहिण्याचा आकडा बाजारात दोन ठिकाणी विचारून आणावा आणि ज्या मालापुढे तो लिहिताना हात अडेल, त्या मालाचा हिशेब त्याच दिवशी मांडायला बसावे.